विश्लेषण : सांत्वनासाठी व्हॉइस नोट, टाइप केलेला मजकूर की हाताने लिहिलेले पत्र?

निधनाची बातमी आता बहुतेक वेळा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच कळते. त्याखाली काही मिनिटांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते, हात जोडल्याच्या खुणा उमटतात आणि ज्याला खरोखर काही सांगायचे असते तो मात्र अडून बसतो. फोन करावा तर घरात गर्दी असेल, टाइप करावे तर कोरडे वाटेल, व्हॉइस नोट पाठवावी तर ऐकायला वेळ कुणाला असेल? एकाच घरातल्या वेगवेगळ्या माणसांसाठी याची उत्तरे वेगवेगळी निघतात.

एकच घर, चार माणसे?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साताऱ्यातील एका निवृत्त शिक्षकांचे निधन झाले. त्यांच्या शेजारी १५ वर्षे राहिलेली आणि आता नाशिकला स्थायिक झालेली एक बाई लगेच जाऊ शकत नाही. तिला चौघांशी बोलायचे आहे. शिक्षकांच्या पत्नी, म्हणजे तिच्या काकू, ७४ वर्षांच्या आहेत. मुलगा पुण्याहून आला असून सगळी धावपळ त्याच्याच अंगावर आहे. मुलगी न्यू जर्सीत आहे आणि तिला अंत्यसंस्काराला पोहोचता आले नाही. चौथे आहेत शिक्षकांचे रोज सकाळी फिरायला सोबत असणारे मित्र. त्यांना कमी ऐकू येते.

नातेवाइकांची यादी करताना हे चौथे नाव हमखास सुटते. मित्राला सुतक नसते, त्याच्या घरी कुणी भेटायला येत नाही, त्याला कुणी संदेशही पाठवत नाही. सकाळी सहाला मात्र त्याची सोबत गेलेली असते.

मुलाला टाइप केलेला मजकूरच का?

पहिल्या दोन-तीन दिवसांत मुलाच्या फोनला उसंत नसते. स्मशानातील व्यवस्था, गुरुजी, बाहेरगावाहून येणाऱ्यांची सोय आणि २१ दिवसांच्या आत करायची मृत्यूची नोंद, हे सगळे त्याच फोनवरून चालते. अशा वेळी दीड मिनिटाची व्हॉइस नोट आली, तर ती ऐकायला त्याला कोपरा शोधावा लागतो. मजकुरावर नजर फिरवून काय आहे ते कळते, व्हॉइस नोट मात्र शेवटपर्यंत ऐकावी लागते. शिवाय तिच्यात सांगितलेला फोन नंबर किंवा गाडीची वेळ नंतर शोधून सापडत नाही.

आणखी एक अडचण बऱ्याच जणांना माहीत नसते. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा बंद करता येतात, पण व्हॉइस नोट ऐकल्याची खूण त्याने बंद होत नाही. ऐकल्यावर पाठवणाऱ्याला माइकचे चिन्ह निळे दिसते. म्हणजे ऐकले आणि उत्तर दिले नाही, हे समोरच्याला कळणार याचे ओझे दुःखातल्या माणसावर येते.

म्हणून मुलाला चार ओळी पुरतात : ‘दादा, सरांची बातमी कळली. मी रविवारी सकाळी ११ पर्यंत साताऱ्याला पोहोचते. सोमवार ते बुधवार दोन्ही वेळचा डबा माझ्या बहिणीकडून येईल, सहा माणसांचा. उत्तर देऊ नकोस, काही बदल असेल तरच कळव.’ यात दुःखाचे वर्णन जवळजवळ नाही आणि ते खटकतही नाही. ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य मात्र टाळलेले बरे. त्यात काय लागेल ते ठरवण्याचे काम पुन्हा त्याच्यावरच येते.

मजकूर देवनागरीत असावा. घरातल्या फोनवर आलेला संदेश मोठ्या माणसांना वाचून दाखवला जातो आणि रोमन लिपीतले मराठी वाचताना वाचणारा अडखळतो. टाइप करणे जड जात असेल, तर कीबोर्डवरचा माइक दाबून बोलले की मराठी मजकूर उमटतो. पण पाठवण्यापूर्वी तो एकदा वाचलाच पाहिजे, कारण नावे आणि जोडाक्षरे त्यात हमखास चुकतात. चूक नंतर दिसली, तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत मजकूर दुरुस्त करता येतो.

परदेशातल्या मुलीसाठी आवाज कसा उपयोगी पडतो?

इथे परिस्थिती नेमकी उलटी आहे. घर माणसांनी भरलेले आहे आणि ती एकटी आहे. व्हिडिओ कॉलवर तिने अंत्यदर्शन घेतले, फोन बंद झाला आणि खोलीत शांतता पसरली. तिच्या आसपास त्या शिक्षकांना ओळखणारे कुणीच नाही. अशा माणसाला गावाकडचा ओळखीचा आवाज मिळाला, तर तो मजकुरापेक्षा जवळचा वाटतो. तो तिला कानात हेडफोन घालून, हव्या त्या वेळी, पुन्हा पुन्हा ऐकता येतो.

वेळ पाहूनच पाठवावी. न्यू जर्सी भारताच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. नाशिकला सकाळी सात वाजता पाठवलेली नोट तिला आदल्या रात्री साडेनऊ किंवा साडेआठला मिळते. तेव्हा ती कामावरून घरी आलेली असते. भारतातल्या दुपारी तीनला पाठवली, तर तिथे पहाट असते आणि त्या दिवसांत मध्येच वाजलेला फोन घाबरवतो.

नोट एका मिनिटाच्या आत असावी. रेकॉर्ड करताना पंखा आणि टीव्ही बंद करावेत, कारण बोलणाऱ्याला न जाणवणारी घरघर हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू येते. माइकचे बटण दाबून वर सरकवले की रेकॉर्डिंग लॉक होते. मग ते थांबवून, स्वतः ऐकून, पसंत पडले तरच पाठवावे. बटणावरचे बोट सुटले की अर्धवट नोट निघून जाते. ती पुसता येते, पण संदेश पुसल्याची ओळ मागे राहते आणि तिने काय पुसले असेल, याचा विचार समोरचा करत बसतो.

बोलायचे काय? ‘कसे झाले?’ हे विचारायचे नाही. ते तिने दिवसभरात अनेकांना सांगितलेले असते. एक प्रसंग सांगावा : ‘तुझी दहावीची गुणपत्रिका आली तेव्हा सर आमच्या दारात चप्पल न घालता आले होते, हे तुला माहीत नसेल.’ रडू आले तर येऊ द्यावे, पण रडण्याचीच नोट होऊ लागली, तर ती थांबवून नंतर पुन्हा करावी. नाहीतर ऐकणारीलाच उलट समजूत काढावी लागते. हीच नोट भावालाही पुढे पाठवण्याचा मोह टाळावा. आपल्यासाठी बोललेले शब्द खरे तर दुसऱ्यासाठी होते, हे ऐकताना लगेच कळते.

काकूंना पत्र, पण कोणत्या दिवशी?

काकूंसाठी पहिल्या दहा दिवसांत कुठलाच संदेश तितका महत्त्वाचा नसतो. घरात माणसे असतात, त्यांचा फोन कुणीतरी दुसराच पाहत असतो. व्हॉइस नोट आली, तर ती स्पीकरवर सगळ्यांदेखत वाजते आणि एकटीला सांगायची गोष्ट चारचौघांत जाते. तेरावा, गोडाचे जेवण झाले की पाहुणे परततात. घर रिकामे होते ते तेव्हा. पत्र त्याच सुमारास पोहोचायला हवे. राज्यातल्या राज्यात टपालाला काही दिवस लागतात हे धरून ते दहाव्या-बाराव्या दिवशी टाकावे. थोडे उशिरा पोहोचले तरी बिघडत नाही, फार लवकर पोहोचले तर पाहुण्यांच्या गर्दीत बाजूला पडते.

पत्र बंद पाकिटातच असावे आणि याला जुने कारण आहे. भारतात १८७९ पासून पोस्टकार्ड सुरू झाले आणि पुढे शुभ-अशुभ बातम्या त्यावरूनच जाऊ लागल्या. शुभकार्याच्या पत्राच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागे. निधनाच्या पत्राचा कोपरा फाडलेला असे, म्हणजे वाचण्याआधीच बातमी कळे. असे पत्र वाचून झाले की फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही, अशी रीत होती. सत्तरीपुढच्या पिढीला हे आठवते. त्यामुळे कार्डाचा कोपरा दुमडलेला किंवा फाटका नसावा, आणि पत्रात मृत्यूचे वर्णन नसून माणसाची आठवण असावी. मग ते फाडले जात नाही, कपाटात जाते.

दुकानात मिळणारे छापील इंग्रजी मजकुराचे कार्ड इथे उपयोगाचे नाही. साधे पांढरे जाड कार्ड किंवा कोरा कागद चालतो. पेन बॉलपॉइंटचे असावे, कारण जेलची शाई पावसाळ्यात ओलाव्याने पसरते. अक्षर नेहमीपेक्षा मोठे, ओळींत अंतर सैल. अक्षर वाईट असल्याची लाज अनेकांना वाटते, पण थरथरते अक्षरही ओळखीचे असते. आठ-दहा ओळी पुरे : ‘काकू, आमच्याकडे सरांनी लावलेला सोनचाफा अजून आहे. मी नाशिकला येताना त्याची फांदी आणली होती. यंदा तो फुलला तेव्हा मी सरांना फोटो पाठवायचे विसरले. आता तुम्हाला पाठवते. दिवाळीनंतर मी दोन दिवस तुमच्याकडे राहायला येणार आहे.’ शेवटचे वाक्य खरे असेल तरच लिहावे. काकू ते लक्षात ठेवतात.

मित्राचे काय?

त्यांना फोन किंवा व्हॉइस नोट का नको, हे ऐकू न येण्याच्या प्रकारावर ठरते. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने धूसर होतात आणि स्वर ऐकू येतात. म्हणून अशी माणसे ‘आवाज येतोय, शब्द कळत नाहीत’ म्हणतात. ओरडून बोलल्याने फक्त स्वर मोठे होतात. फोनच्या छोट्या स्पीकरवर तर हे आणखी बिघडते.

त्यांनाही पत्रच, पण काकूंच्या पत्राची वाट न पाहता लगेच टाकलेले. तीन-चार ओळी, ठळक अक्षरात : ‘तुमची सोबत गेली हे कळले. सर घरी येऊन तुमच्या गप्पा सांगायचे.’ नजरही अधू असेल, तर मात्र नातवाला फोन करून विचारावे. तो पत्र वाचून दाखवणार असेल, तर त्याच्या कानावर पडू नये असे त्यात काही लिहू नये.

उत्तर आले नाही तर?

मुलाकडून येणार नाही, तसे सांगितलेलेच आहे. मुलीचे निळे माइक दिसेल, तेवढे पुरे. काकूंच्या पत्राला महिनाभर काही आले नाही, तर दुपारी चारच्या सुमारास फोन करावा. पत्र मिळाले का, हे विचारू नये. चाफ्याला किती फुले आली ते सांगावे. पत्र मिळाले असेल, तर काकू स्वतःच विषय काढतील.