आलेखाच्या अक्षावर लाख आणि कोटी

२०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. पालघर तेव्हा वेगळा झालेला नव्हता. पुण्याची लोकसंख्या ९४,२९,४०८, नाशिकची ६१,०७,१८७ आणि सिंधुदुर्गाची ८,४९,६५१. हे आकडे एक्सेलमध्ये भरून स्तंभालेख काढला, की उभ्या अक्षावर शून्यांच्या रांगा लागतात: 2000000, 4000000, 6000000. शून्ये मोजल्याशिवाय आकडा कळत नाही. ती घालवायला बहुतेक जण अक्ष मिलियनमध्ये दाखवतात. मग ठाणे अकराच्या वर आणि सिंधुदुर्ग एकच्या जरा खाली जाऊन बसतो, आणि मराठी वाचकाला प्रत्येक आकडा मनात दहाने गुणावा लागतो.

लाखाची सोय एक्सेलमध्येच आहे, फक्त ती लाख या नावाने नाही. अक्षाच्या आकड्यांवर उजवे क्लिक करून Format Axis उघडले, की Display units ही यादी दिसते. तिच्यात Thousands आणि Millions यांच्यामध्ये 100000 हा पर्याय आहे, तोच लाख. थोडे खाली 10000000 आहे, तो कोटी. 100000 निवडताच अक्षावर ०, २०, ४० असे १२० पर्यंतचे आकडे येतात. बाजूला 'x 100000' अशी चिठ्ठी उमटते. तिच्यावर क्लिक करून तिथे 'लोकसंख्या (लाखांत)' असे लिहावे. ही चिठ्ठी नको म्हणून पुसून टाकणारे पुष्कळ असतात, पण ती गेली की ठाण्यात एकशे दहा माणसे राहतात असा आलेख उरतो.

अक्षासाठी हाच मार्ग उत्तम. सगळ्या रेषा एकाच मापात असल्या, की नजर वरखाली सहज फिरते.

तरीही काहींना प्रत्येक आकड्यापुढे 'लाख' किंवा 'कोटी' हा शब्द हवा असतो. त्यासाठी Format Axis मधल्या Number या भागात स्वतःचा साचा लिहावा लागतो, आणि इथे एक अडचण आहे. साच्यात आकड्यानंतर दिलेला प्रत्येक स्वल्पविराम संख्येला हजाराने भागतो. एका स्वल्पविरामाने हजार मिळतात, दोनांनी मिलियन. लाख या पायऱ्यांच्या मध्ये पडतो, कोटीही तसाच. म्हणून जाणकार खोटा दशांशबिंदू वापरतात:

```
[>=10000000]0\.0,," कोटी";[>=100000]0\.00," लाख";0
```

हा साचा Format Code मध्ये लिहून Add दाबायचे, आणि त्याआधी Display units पुन्हा None करायचे. पुण्याचे उदाहरण घेऊ. एका स्वल्पविरामाने ९४,२९,४०८ ला हजाराने भागले, की ९४२९ उरतात. `\.` मुळे शेवटच्या दोन अंकांआधी नुसता एक ठिपका छापला जातो आणि '94.29 लाख' असे दिसते. तो ठिपका गणिताचा दशांशबिंदू नाही, अंकांच्या मध्ये ठेवलेली खूण आहे. ठाण्याच्या आकड्याला दोन स्वल्पविराम लागतात, ११ उरतात आणि '1.1 कोटी' छापले जाते.

हा साचा फसवतो तो कोटीच्या पुढे. अक्षाचा टप्पा, म्हणजे Major, 2500000 ठेवला तर रेषा पंचवीस लाखांच्या सारख्या अंतराने पडतात. पण सव्वा कोटीच्या रेषेवर '1.3 कोटी' उमटते, कारण दोन स्वल्पविरामांनंतर साडेबारा उरतात आणि ते पूर्ण होऊन तेरा होतात. आलेख आणखी वर गेला तर १.०, १.३, १.५, १.८ अशी विचित्र चढण दिसते. सारख्या अंतराच्या रेषांवर असमान आकडे दिसले, की दोष साच्यात आहे हे ओळखावे. कोटीच्या भागात `0\.0000,` असे लिहिले, की '1.2500 कोटी' येते. आकडा लांबतो, पण खरा राहतो. नाहीतर टप्पा वीस लाखांचा ठेवावा, मग पूर्णांकन आडवे येत नाही.

विंडोजच्या रिजन सेटिंगमध्ये अंकांची भारतीय मांडणी निवडली, तर `#,##0` हा साधा साचाही १,१०,६०,१४८ असे स्वल्पविराम देतो. मात्र ती सोय त्या संगणकापुरतीच. फाइल दुसऱ्याकडे गेली, की त्याच्या सेटिंगप्रमाणे स्वल्पविराम पुन्हा तीन-तीन अंकांवर जाऊ शकतात. वर दिलेला साचा फाइलसोबत जातो.

नफा-तोट्याच्या आलेखात मात्र तो पुरत नाही. साच्यात दोनच अटी बसतात, बाकीचे सगळे आकडे तिसऱ्या भागात जातात. त्यामुळे पाच लाखांचा तोटा अक्षावर -500000 असाच उमटतो, तर वरच्या बाजूला पाच लाखांचा नफा '5.00 लाख' दिसतो. अशा आलेखासाठी Display units मधला 100000 निवडावा. तो शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच भाग देतो.