चिठ्ठ्यांमधली चक्रं

कार्यालयातल्या 10 जणांनी आपापल्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि प्रत्येकाने एकेक उचलली. ज्याचं नाव आलं, त्याला भेट द्यायची. स्वतःचं नाव आलं तरी चालेल. आता भेटींचा माग काढत गेलो, तर कधीतरी सुरुवातीच्या माणसाकडेच परत येतो आणि एक चक्र पूर्ण होतं. अशी चक्रं सरासरी किती होतील?

चिठ्ठ्या त्याच क्रमाने उचलायला लावू. पहिल्याने उचलली, की ज्याचं नाव आलं त्याने पुढची उचलायची. डब्यात 10 चिठ्ठ्या असताना चक्र बंद करणारी चिठ्ठी एकच असते, सुरुवातीच्या माणसाच्या नावाची. म्हणजे शक्यता 1/10. पुढच्या वेळी चिठ्ठ्या 9, पण बंद करणारी पुन्हा एकच, कारण चालू चक्राच्या आरंभकर्त्याचं नाव अजून डब्यातच आहे. चक्र बंद झालंच, तर उरलेल्यांपैकी कुणीही नवं सुरू करतो. हिशेब बदलत नाही. आधी काय घडलं याला महत्त्वच नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. शक्यतांची बेरीज 1/10 + 1/9 + … + 1/2 + 1, म्हणजे सुमारे 2.93.

पडताळा हवा असेल तर 4 माणसं घ्या. 24 वाटपांत मिळून 50 चक्रं निघतात. 50/24 म्हणजेच 1 + 1/2 + 1/3 + 1/4.

ही हरात्मक बेरीज फार सावकाश वाढते, साधारण लॉगॅरिदमच्या चालीने. हजार माणसांतही सरासरी साडेसातच चक्रं. अर्थात ही सरासरी आहे. एखाद्या वाटपात पाच किंवा दहा निघाली, तर चिठ्ठ्या नीट ढवळल्या नव्हत्या असा संशय घेऊ नये.