पोस्टरवरची कोणती आकृती पडद्यावर न्यावी?

परिषदेतले पोस्टर बहुधा ए-झीरो आकाराचे असते, म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर. तेवढ्या जागेत आठ-नऊ आकृत्या सहज मावतात. वाचक हवे तिथे थांबतो, बारीक अक्षरांसाठी जवळ जातो, नको ते सोडून देतो. त्याच कामावर पुढे पंधरा मिनिटे बोलायचे ठरले की ही मोकळीक श्रोत्याकडे उरत नाही. काय पाहायचे आणि किती वेळ, हे बोलणाराच ठरवतो. त्यामुळे पोस्टरचे तुकडे कापून स्लाइडवर चिकटवले तर भाषण होत नाही. निवड नव्याने करावी लागते.

एक उदाहरण घेऊ. भूजलाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीने पोस्टर केले आहे: दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या एका गावात सिमेंट बंधारा झाल्यावर आजूबाजूच्या विहिरींची पातळी वाढली का? पोस्टरवर मधोमध गावाचा मोठा रंगीत नकाशा आहे. खडकांच्या थरांचा छेद, पावसाचे स्तंभ, सहा विहिरींचे सहा छोटे आलेख, पाण्यातल्या क्षारांची पायपर आकृती आणि बंधाऱ्याचे छायाचित्रही आहे. खालच्या कोपऱ्यात एक लहानसा आलेख आहे. त्यात बंधाऱ्याजवळच्या आणि दूरच्या विहिरीची पातळी एकत्र दाखवली आहे.

स्वतंत्र स्लाइड कोणाला द्यायची? माझ्या मते कसोटी एकच आहे. श्रोत्यांमधल्या चिकित्सक माणसाची पहिली शंका जी आकृती दूर करते, तिला सर्वांत आधी जागा द्यावी. इथे ती शंका उघड आहे: बंधारा झाल्यानंतर पाऊसच जास्त पडला असेल तर? नकाशा कितीही देखणा असला तरी त्यात याचे उत्तर नाही. उत्तर आहे त्या कोपऱ्यातल्या आलेखात. दोन्ही विहिरींवर पाऊस सारखाच, खडकही सारखा. तरीही फक्त जवळच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकले, तर श्रेय पावसाला देता येत नाही. पोस्टरवर सर्वांत लहान असलेली आकृती भाषणात पूर्ण पडदा व्यापते ती यामुळे.

आता वेळ मांडू. पंधरापैकी तीन मिनिटे प्रश्नांसाठी ठेवली की बारा उरतात. शीर्षकाला अर्धे मिनिट, मूळ प्रश्नाला दीड, नकाशाला एक, खडकांच्या छेदाला दीड. बंधाऱ्याजवळच्या विहिरीच्या पातळीला पावसाच्या स्तंभांसह तीन आणि तुलनेच्या आलेखाला तीन. मर्यादांना एक आणि निष्कर्षाला अर्धे मिनिट. सहा विहिरी दाखवायला यात जागाच नाही, आणि पडद्यावर सहा छोटे आलेख एकत्र कोणाला वाचताही येत नाहीत. पायपर आकृती समजावण्यातच दोन मिनिटे जातील, आणि निष्कर्ष तिच्यावर टेकलेला नाही. ती वगळावी.

तीन मिनिटे मिळालेली आकृती एकदम दाखवू नये. आधी फक्त अक्ष दाखवावेत. विहिरीची पातळी जमिनीपासून खाली मोजतात, म्हणून शून्य वर असते आणि आकडे खाली वाढत जातात. हे तोंडाने सांगितले नाही तर अर्धे श्रोते आलेख उलटा वाचतात. मग पाऊस, मग जवळची विहीर, शेवटी दूरची. रेषांची नावे बाजूच्या चौकटीत न देता रेषांच्या टोकाशीच लिहावीत. पोस्टरच्या पीडीएफमधून चित्र कापून घेऊ नये, मूळ आकड्यांवरून आलेख पुन्हा काढावा. नाहीतर बारीक रेषा आणि अक्षरे मागच्या रांगेपर्यंत पोचत नाहीत.

मर्यादांचे मिनिट मात्र कापू नका. मोजणीआधी शेतकऱ्याने पंप चालवला असेल तर पातळी खोटी खाली दिसते. दूरच्या विहिरीशेजारी नवी बोअर पडली असेल तर तुलनाच लंगडी होते. हे पोस्टरवर तळटीपेत असते, पण भाषणात ते मोठ्याने सांगावे लागते.

निवड चुकल्याचे तालमीत कळते. एखाद्या स्लाइडवर तोंडून "हे थोडक्यात सांगते" असे निघाले, तर ती आकृती तिथे नको आहे. उलट एका स्लाइडवर बोलताना पुन्हा मागच्या स्लाइडवर जावे लागले, तर त्या दोन आकृत्या एकाच पडद्यावर हव्यात.

वगळलेल्या आकृत्या पुसू नयेत. त्या आभाराच्या स्लाइडनंतर ठेवाव्यात आणि त्यांचे क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. क्षारांबद्दल कोणी विचारलेच, तर पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असतानाच तो क्रमांक टाइप करून एंटर दाबला की थेट ती स्लाइड उघडते.