आधी शंभरातल्या एकाला

समजा, साड्या विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानात कधीकधी ग्राहकाच्या खात्यातून पैसे जातात, पण ऑर्डरच नोंदली जात नाही. जुना प्रोग्राम पैसे आल्याची खात्री पटल्यावर ऑर्डर नोंदवतो. मधेच रेंज गेली की सगळं लटकतं. नवा प्रोग्राम आधी ‘पैसे येणे बाकी’ अशी ऑर्डर नोंदवतो आणि मग ग्राहकाला यूपीआयकडे धाडतो. सुधारणा चांगली, पण फसली तर दिवसाचा गल्ला बुडाला.

म्हणून दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी चालू ठेवतात. कोणी कुठल्या वाटेनं जायचं, हे ज्या स्विचवर ठरतं तो फीचर फ्लॅग. त्याच्या पोटात बहुधा एवढंच असतं:

```
hash("new_checkout:" + user_id) % 100 < 1
```

ग्राहकाच्या क्रमांकावरून 0 ते 99 मधला एक आकडा निघतो. 0 आला तर नवी वाट. एका ग्राहकाचा आकडा कायम तोच राहतो, त्यामुळे सकाळी नवं पान आणि संध्याकाळी जुनं असा घोळ होत नाही. फ्लॅगचं नाव मिसळलं नाही, तर प्रत्येक नव्या प्रयोगाला तेच बिचारे ग्राहक सापडतील.

एक टक्क्यावर काय कळतं? फार थोडं. दिवसाला 25,000 जण पैसे भरायला येत असतील, तर नव्या वाटेला अडीचशे. एरवी त्यांतल्या 200 जणांचे पैसे नीट जमा होतात. आज 190 झाले, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. पान उघडतच नाही असा ढळढळीत बिघाड मात्र इथेच पकडला जातो. फ्लॅग दहा टक्क्यांवर नेला की 2,500 जणांत 2,000 ऐवजी 1,900 दिसतात, आणि तेव्हा योगायोगाची सबब चालत नाही. तुलना मात्र त्याच तासाला जुन्या वाटेनं गेलेल्यांशीच हवी. कालच्या आकड्यांशी केली आणि आज एखाद्या बँकेचा सर्व्हर बसला असेल, तर दोष उगाच नव्या प्रोग्रामवर येतो.

बिघाड दिसला की फ्लॅग बंद. इथे खरी गोम आहे. त्या क्षणी एखादी ग्राहक यूपीआय ॲपमध्ये पिन टाकत असते. पैसे जातात, ती परत येते, तोवर वाट बदललेली. जुन्या प्रोग्रामला तिची अर्धवट ऑर्डर ओळखताच येत नाही. म्हणजे ज्या तक्रारीसाठी हा खटाटोप केला, तीच पुन्हा. यावर उपाय म्हणजे ऑर्डर कुठल्या वाटेनं सुरू झाली, हे ऑर्डरवरच लिहून ठेवायचं आणि फ्लॅग काहीही म्हणो, ती त्याच वाटेनं पुरी करायची. फ्लॅगनं फक्त नव्यानं येणाऱ्यांना अडवायचं. ही तयारी पहिल्या ग्राहकाच्या आधी करून ठेवावी लागते.