जुन्या गोलांचे वजन

फुटबॉल संघाची ताकद मोजताना आक्रमण आणि बचाव असे दोन आकडे काढतात. ते निघतात जुन्या सामन्यांवरून. पण गेल्या आठवड्यातला गोल आणि दोन वर्षांपूर्वीचा गोल एकाच मापाने कसा मोजायचा?

मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स या इंग्लंडमधल्या संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये एक उपाय मांडला. सामना जसजसा जुना होईल, तसतसे त्याचे वजन घटवत न्यायचे. त्यांच्या दराने वर्षभरात ते जवळजवळ निम्मे होते, दोन वर्षांत पाव.

लेस्टर सिटी संघाने २०१४-१५ मध्ये ३८ सामन्यांत ४६ गोल केले, पुढच्या हंगामात तितक्याच सामन्यांत ६८. सरळ सरासरी दीड. आता ढोबळमानाने जुना हंगाम निम्म्याने धरू. ४६ गोलांचे २३ झाले, ३८ सामन्यांचे १९. मग ९१ गोल भागिले ५७ सामने, म्हणजे सुमारे १.६. प्रत्यक्षात समोरचा संघ किती बलवान होता, तेही हिशेबात येते.

घट फार वेगाने केली, तर चार सामन्यांतले नशीबच ताकद वाटू लागते. फार सावकाश केली, तर विखुरलेला जुना संघच मोजला जातो. म्हणून वेगवेगळे दर लावून पुढच्या सामन्यांचे अंदाज करून पाहतात आणि ज्याचे अंदाज सरस ठरतात, तो दर ठेवतात.

तरी या वजनाला फक्त तारीख कळते. २०१५ च्या उन्हाळ्यात लेस्टरला क्लाउदिओ रानिएरी हे नवे प्रशिक्षक मिळाले आणि संघ विजेता झाला. तो बदल तारखेत दिसत नाही. नवे सामने साचेपर्यंत आकडे मागेच राहतात.