पवईचं बिल, 240 रुपये आणि वेटरचा खिसा

आजच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. गेल्या वेळी मी विचारलं होतं की हॉटेलच्या बिलातली कुठली ओळ तुम्हाला कळत नाही. पवईतून आलेल्या बहुतेक व्हॉइस नोट्स एकाच ओळीबद्दल होत्या: सर्व्हिस चार्ज. म्हणून आज एकच बिल घेऊ आणि ते नीट वाचू.

समजा, हिरानंदानीत चौघं जेवलात आणि खाणं झालं 2400 रुपयांचं. खाली सर्व्हिस चार्ज 10 टक्के, म्हणजे 240. बेरीज 2640. त्यावर 5 टक्के जीएसटी (अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा) 132. एकूण 2772.

बऱ्याच जणांना वाटतं की सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर आहे. तो जुना सर्व्हिस टॅक्स, 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हाच गेला. हे 240 रुपये सरकारकडे जात नाहीत, मालकाच्या गल्ल्यात जातात. सरकारला फक्त 132 मिळतात. आता गंमत बघा. नुसत्या खाण्यावर जीएसटी 120 च झाला असता. वरचे 12 रुपये हा सर्व्हिस चार्जवरचा कर. तेच 240 तुम्ही स्वतःहून वेटरच्या हातात दिलेत तर त्यावर जीएसटी नाही, कारण ती जेवणाची किंमत नाही, तुमची खुशी आहे.

मग हॉटेल हे बिलात आपोआप लावू शकतं का? नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, बिलात मिसळून त्यावर जीएसटी लावायचा नाही आणि देत नाही म्हणून कुणाला दारात अडवायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, काही काळ स्थगितीही मिळाली. पण 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. संघटनांनी पुढे अपील केलं.

'मेन्यूवर लिहिलंय ना' हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल. पण मेन्यूवर छापलं म्हणून ऐच्छिक गोष्ट सक्तीची होत नाही. मॅनेजरला शांतपणे सांगा, 'ही ओळ काढून नवीन बिल द्या.' नवं बिल 2520 चंच यायला हवं. 2532 आलं, तर समजा चार्ज काढला पण त्यावरचा जीएसटी तसाच राहिलाय. नाहीच ऐकलं तर बिलाचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार करा.

हे झालं आपल्या खिशाचं. मला जास्त खटकतं ते वेगळंच. 'स्टाफसाठी आहे हो' असं म्हणून घेतलेले ते 240 स्टाफला मिळतात का? काही ठिकाणी वाटतात, काही ठिकाणी फुटलेल्या ग्लासांच्या नावाखाली कापतात, काही ठिकाणी वाटतच नाहीत. बिलावरून हे कळायला मार्ग नाही. ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून कायदाच आहे: टिप आणि सर्व्हिस चार्ज, दोन्ही पूर्ण रक्कम, कापाकापी न करता, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत कामगारांना द्यायची. सर्व्हिस चार्ज पूर्ण वाटायलाच हवा, असं बंधन आपल्याकडे मालकावर नाही.

जिथे वाटप चांगलं असतं तिथे बहुधा टिप बॉक्स आणि पॉइंट असतात. समजा, रात्री बॉक्समध्ये 3000 जमले. दोन कॅप्टनना दीड-दीड पॉइंट, सहा वेटरना एकेक, किचनमधल्या चौघांना आणि भांडी घासणाऱ्या दोघांना अर्धा-अर्धा. झाले 12 पॉइंट, म्हणजे पॉइंटला 250. कॅप्टनला 375, वेटरला 250, किचन आणि भांडीवाल्यांना 125. अर्धा पॉइंट कमी आहे असं माझं मत, कारण चव तर आतलेच देतात. पण वेटर म्हणतील, गिऱ्हाइकाची बोलणी आम्ही खातो. हा वाद त्यांनी आपसात मिटवावा. हिशेब भिंतीवर लावलेला असला आणि मालक त्या बॉक्सचा वाटेकरी नसला, म्हणजे झालं.

आणि कार्डवरून दिलेली टिप? ती आधी हॉटेलच्या खात्यात जाते. आयटीसीच्या हॉटेलांबाबत नेमका हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आयकर खातं म्हणत होतं की हा पगार आहे, टीडीएस कापा. 2016 मध्ये कोर्टाने सांगितलं की ही टिप पगार नाही. गिऱ्हाइकाने दिलेले पैसे हॉटेल फक्त पोचवतं, त्यामुळे त्यावर पगारासारखा टीडीएस नाही. कर्मचाऱ्याच्या हातात मात्र ते 'इतर उत्पन्न' धरलं जातं.

त्यामुळे मी काउंटरच्या क्यूआरवर टिप टाकत नाही. आधी वेटरला हळूच विचारतो, 'दादा, इथे बॉक्स आहे का, सगळ्यांत वाटतात का?' हो म्हणाला तर रोख बॉक्समध्ये. नाही म्हणाला तर थेट त्याच्या हातात.