न झिजणारं शिंग

+१ वर सपाट, मग एकदम −१ वर, पुन्हा वर: ही चौकोनी लहर. फूरिएच्या रीतीने ती निव्वळ गोलाईदार साइन लहरींची बेरीज करून घडवता येते. मूळ लहरीची उंची ४/π, म्हणजे सुमारे १.२७३. पुढे तिप्पट वारंवारतेची लहर एकतृतीयांश उंचीची, पाचपटीची एकपंचमांश. सम पटींच्या लहरी लागतच नाहीत.

आता उडीजवळचं टोक पाहा. एकाच लहरीचं शिखर १.२७३, दोन मिळवल्या की १.२००, तीन मिळवल्या की १.१८८. वाटतं, हे हळूहळू १ वर येईल. येत नाही! ते १.१७९ पाशी थबकतं. −१ ते +१ या २ च्या उडीच्या जवळजवळ ९ टक्के इतकं हे शिंग कायम उरतं. लहरी वाढवल्या की ते फक्त अरुंद होतं आणि उडीकडे सरकतं. म्हणून उडीपासून कितीही जवळचा एखादा ठरावीक बिंदू घेतलात, तर तिथली बेरीज अखेर १ लाच पोहोचते.

विल्ब्रहॅमने हे १८४८ मध्येच दाखवलं होतं. नाव मात्र मिळालं गिब्जचं, त्याच्या १८९९ च्या पत्रामुळे.